रिप्लाय की नवा मेल? आणि जुन्या मेलचं शेपूट कुठे तोडायचं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही लहान फाउंड्रीच्या ऑफिसात मेलबॉक्स उघडा, "Re: Re: Fwd: Re: Enquiry" असा विषय दिसणारच. उघडून बघितलं तर आत चौकशी नसतेच. ती मार्चमध्येच संपलेली असते. त्याच विषयाखाली पुढे रेट ठरला, पीओ आली, गाडी सुटली, माल रिजेक्ट झाला, आणि आता पेमेंटची आठवण चालू आहे. चार महिन्यांनी कुणी विचारतं, "फ्लँजची जाडी बदला असं आम्हाला कोणत्या तारखेला सांगितलं होतं?" मग दोन माणसं चहा थंड होईपर्यंत स्क्रोल करत बसतात.

हा गोंधळ दोन सवयींमुळे होतो. नवं काम निघालं तरी जुन्याच मेलवर रिप्लाय मारायचा, ही एक. आणि रिप्लाय मारताना खाली आपोआप चिकटणाऱ्या जुन्या मजकुराकडे बघायचंच नाही, ही दुसरी. कास्टिंगच्या एकाच ऑर्डरवर हे दोन्ही कसं सांभाळायचं ते खाली दाखवलं आहे. ऑर्डर उदाहरणादाखल घेतली आहे, पण बेळगाव–कोल्हापूर पट्ट्यात असली कामं रोज चालतात.

रिप्लाय दाबल्यावर नेमकं काय होतं

दोन गोष्टी होतात. त्यातली एक दिसते, दुसरी दिसत नाही. दिसते ती म्हणजे जुना मजकूर खाली येतो. न दिसणारी म्हणजे मेलच्या माथ्यावर काही ओळी लिहिल्या जातात आणि हा मेल कोणत्या मेलचं उत्तर आहे ते त्यात नोंदलं जातं. जीमेलमध्ये मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांवर जाऊन "Show original" निवडलं की या ओळी दिसतात. थंडरबर्डमध्ये Ctrl+U दाबायचं.

```
Message-ID: <b7@foundry.example>
In-Reply-To: <a3@customer.example>
References: <a1@customer.example> <b5@foundry.example>
 <a3@customer.example>
```

प्रत्येक मेलला स्वतःचा एक क्रमांक असतो, तो पहिल्या ओळीत. दुसऱ्या ओळीत आपण ज्याला उत्तर देतोय त्याचा क्रमांक. तिसरीत सगळी वंशावळ. मेल प्रोग्रॅम याच ओळी वाचून मेलची साखळी लावतो.

आता "मी रिप्लाय दाबतो, विषय खोडून नवा लिहितो, झाला नवा मेल" ही पळवाट का पुरत नाही ते बघा. विषय बदलला तरी References ची ओळ तशीच राहते. जीमेल विषय बदललेला पाहून साखळी तोडतं, त्यामुळे तुमच्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं. पण समोरचा थंडरबर्ड वापरत असेल तर त्याच्याकडे तुमचा नवा विषय जुन्या साखळीच्या पोटातच जाऊन बसतो. त्याने ती साखळी मिटवून ठेवली असेल तर तुमचा मेल आला आहे हेच त्याला कळत नाही. आणि जुना मजकूर खाली असतो तो वेगळाच.

बहुतेक लोक जुन्या मेलवर रिप्लाय मारतात ते फक्त पत्ते आयते मिळतात म्हणून. तेवढ्यासाठी गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये त्या गिऱ्हाइकाच्या नावाचं एक लेबल करा आणि त्याची माणसं त्यात टाका. नव्या मेलमध्ये "To" च्या जागी लेबलचं नाव टाइप केलं की सगळे पत्ते येतात. मात्र दर वेळी सगळे हवेतच असं नसतं. नव्या मेलमध्ये निम्मी नावं गाळता येतात, हा त्याचा मोठा फायदा.

कुठे तोडायचं: एक ऑर्डर सुरुवातीपासून

कोल्हापूरजवळच्या शिरोळीच्या एका पंपवाल्याकडून ३ जूनला मेल येतो: "चौकशी – पंप केसिंग, ड्रॉइंग पीसी-११२ रिव्ह ए". ग्रेड एफजी २६०, महिन्याला २०० नग. आपण रेट कळवतो. ते म्हणतात जास्त आहे. पॅटर्नचे पैसे वेगळे की रेटमध्येच, यावर आणखी दोन मेल होतात. या सगळ्याला रिप्लायच बरोबर, कारण अजून एकच गोष्ट ठरायची आहे: काम घ्यायचं का आणि कितीला.

९ जूनला त्यांचे डिझाइनवाले रिव्ह बी पाठवतात. फ्लँज १८ मिलिमीटरची २२ झाली. वजन वाढलं, म्हणजे रेट हलला. इथे नवा मेल हवा का? माझ्या मते नको. पीओ आलेली नाही, बोलणी तीच चालू आहेत, आणि रेट का वाढला याचं कारण त्याच साखळीत राहिलेलं बरं. फक्त उत्तर देताना खालचा रिव्ह ए चा रेट कापून टाका. तो खाली राहिला तर पर्चेसवाला घाईत तोच उचलून पीओत टाकू शकतो. हाच ड्रॉइंगचा बदल पीओनंतर आला असता तर मी डोळे झाकून नवा मेल केला असता. मग प्रश्न रेटचा राहत नाही. तयार झालेल्या नगांचं काय, पॅटर्न कोण दुरुस्त करणार, जुनी पीओ रद्द की तिच्यात बदल, हा नवा विषय होतो आणि त्यावर नवा निर्णय लागतो.

१६ जूनला पीओ ७८१ येते. साखळी पहिल्यांदा इथे तोडायची. आता या कामात डिस्पॅच आणि अकाउंट्सची माणसं येतात, आणि रेटवरून कुणी किती ताणलं हे त्यांनी वाचायची गरज नसते. शिवाय इथून पुढे दोन्हीकडचे लोक शोधताना "चौकशी" हा शब्द टाकणार नाहीत, "७८१" टाकतील. विषय असा ठेवा:

"पीओ ७८१ – पंप केसिंग पीसी-११२ रिव्ह बी – डिलिव्हरी"

विषयात नुसतं "पीओ" किंवा "अर्जंट" लिहिणाऱ्यांना काय म्हणावं! महिन्याभरात असे पंधरा मेल जमतात आणि सगळे एकाच तोंडवळ्याचे.

पहिला लॉट निघतो. माल राज्याची हद्द ओलांडणार, किंमत ५० हजारांच्या वर, म्हणजे ई-वे बिल आलंच. गाडी निपाणीजवळ बंद पडते, माल दुसऱ्या गाडीत भरतात, पार्ट बी मध्ये नवा गाडी नंबर टाकतात. हा नंबर गिऱ्हाइकाला कळवायचा तो पीओ ७८१ च्या साखळीतच, साधा रिप्लाय करून. काम तेच, माणसं तीच.

मग मशीनिंगमध्ये ब्लोहोल सापडतात. १७ केसिंग बाजूला काढल्या जातात आणि क्वालिटीच्या मॅडम डिलिव्हरीच्याच मेलवर फोटो टाकून रिप्लाय करतात. दुसऱ्यांदा तोडायची वेळ ही. रिजेक्शनचा मामला आठवडेच्या आठवडे चालतो: फोटो, हीट नंबर, बदली माल, डेबिट नोट. त्यात डिस्पॅचच्या माणसाचं काम नसतं. उलट मेल्टिंग आणि मोल्डिंगचे सुपरवायझर लागतात, आणि ते आधीच्या साखळीत नव्हतेच. मॅडमनी नवा मेल केला नाही तर आपण करायचा. नव्या मेलची सुरुवात अशी:

"मॅडम, पीओ ७८१ च्या पहिल्या लॉटमध्ये १७ नगांना ब्लोहोल असल्याचं आपण काल डिलिव्हरीच्या मेलवर कळवलं. तो विषय इथे वेगळा घेत आहे. आपले चारही फोटो पुन्हा जोडले आहेत."

आणि जुन्या साखळीत एवढी एकच ओळ: "ब्लोहोलबद्दलचं पुढचं बोलणं 'रिजेक्शन – पीओ ७८१ लॉट १' या मेलवर. इथे फक्त डिलिव्हरी." ही ओळ टाकली नाही तर अर्धे लोक जुन्याच मेलवर उत्तर देत राहतात आणि एकाच्या दोन अर्धवट साखळ्या होतात. त्यापेक्षा एक लांबलचक साखळी परवडली.

फोटो पुन्हा जोडायचं कारण साधं आहे. रिप्लाय करताना मूळ मेलची जोडपत्रं सोबत येत नाहीत. ती फॉरवर्डमध्ये येतात. नव्या मेलमध्ये तर काहीच नसतं. "खालच्या मेलमधले फोटो बघा" लिहायचं आणि खाली मेलच नाही, असं होऊ देऊ नका.

शेवटी पेमेंट. आठवणीचा मेल रिजेक्शनच्या मेलवर रिप्लाय करून कधीही पाठवू नका. अकाउंट्सवाला वरची ओळ वाचतो, खाली १७ ब्लोहोल बघतो, आणि १७ नगांसाठी पूर्ण बिल अडकवून ठेवतो. त्याला आयतं कारण आपणच दिलेलं असतं. बिल नंबर, तारीख आणि रक्कम विषयात लिहून नवा मेल करा आणि तो फक्त अकाउंट्सला पाठवा.

म्हणजे एका ऑर्डरच्या चार साखळ्या झाल्या: चौकशी, डिलिव्हरी, रिजेक्शन, पेमेंट. रिप्लाय दाबण्याआधी मी एवढंच बघतो: ठरवायची गोष्ट तीच आहे का, आणि उत्तर देणारा माणूस तोच आहे का. दोन्ही बदललं असेल तर नवा मेल. एकच बदललं असेल तर सहा महिन्यांनी हा मेल शोधताना मी कोणता शब्द टाकेन ते बघतो. तो शब्द आत्ताच्या विषयात नसेल तर तोडतो.

अधूनमधून मधला मार्गही लागतो. विषय वळलाय, पण आधीच्या बोलण्याशिवाय समजणार नाही, अशा वेळी रिप्लायच करा आणि विषय बदला. जीमेलमध्ये रिप्लायच्या चौकटीत डावीकडे वर बाण असतो, त्यात "Edit subject" आहे. नवा विषय आधी, जुना कंसात: "पॅटर्न दुरुस्ती – पीसी-११२ (आधीचा विषय: चौकशी – पंप केसिंग)". वाचणाऱ्याला धागा सापडतो. पुढच्या रिप्लायमध्येही कंस तसाच राहू द्या, काढला तर विषय पुन्हा बदलतो आणि जीमेल साखळी पुन्हा तोडतं.

जुनं शेपूट कापताना

जीमेल जुना मजकूर तीन टिंबांमागे लपवतं, आणि त्यातच धोका आहे. आपल्याला चौकटीत दोन ओळी दिसतात, पण पाठवल्यावर खालचे अकरा मेलही जातात. मच्छेच्या पॅटर्नमेकरला "हे ड्रॉइंग बघा" म्हणून मेल फॉरवर्ड केला, तर खालच्या मजकुरात गिऱ्हाइकाने दिलेला पॅटर्नचा भाव त्यालाही दिसतो. मग घासाघीस कशाची करणार?

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे एका साखळीत तीन भाषा सहज येतात. मालक आणि अकाउंटंट आपसात मराठीत बोलतात, "यांचं पेमेंट नेहमीसारखं रखडणार, रेट दोन रुपये चढाच ठेवा." गिऱ्हाइकाशी इंग्रजी चालतं. बेंगळुरूच्या ऑफिसला कन्नडमधून जातं. मग कुणीतरी सगळी साखळीच फॉरवर्ड करतं, समोरच्याला मराठी कुठे येतंय या भरवशावर. शिरोळीत येतं. बेंगळुरूतही एखाद्या टेबलावर बेळगावचा माणूस बसलेला असतोच.

कापायचं कसं ते निपाणीच्या गाडीवरून बघू. गिऱ्हाइकाचा मेल आला होता:

"नमस्कार, लॉट १ आज निघाला का? गाडी नंबर आणि किती वाजता पोचेल ते कळवा. टेस्ट सर्टिफिकेट गाडीसोबत पाठवा."

त्याखाली त्यांची सही, पत्ता, दोन मोबाइल, लोगो, "हा मेल चुकून मिळाला असल्यास" वाला इंग्रजी परिच्छेद, आणि त्याखाली आधीचे नऊ मेल.

रिप्लाय दाबा. चौकटीत खाली असलेल्या तीन टिंबांवर (त्यावर माउस नेला की "Show trimmed content" दिसतं) क्लिक करा. सगळं शेपूट उघडतं. सगळ्यात वरची, कुणी आणि कधी लिहिलं ते सांगणारी ओळ ठेवा. आता "टेस्ट सर्टिफिकेट गाडीसोबत पाठवा" या वाक्याच्या शेवटी कर्सर ठेवा, Ctrl+Shift+End दाबा आणि Delete. सही, लोगो, नऊ मेल एका फटक्यात गेले. मग उरलेल्या मजकुरातला "नमस्कार" काढा, प्रश्नाच्या शेवटी दोनदा एंटर मारा आणि प्रत्येक प्रश्नाच्या खालीच उत्तर लिहा. पाठवताना मेल असा दिसतो:

```
१८ जुलै रोजी पर्चेस विभागाने लिहिलं:
> लॉट १ आज निघाला का? गाडी नंबर आणि किती
> वाजता पोचेल ते कळवा.

निघाला. निपाणीजवळ गाडी बदलली. नवा नंबर सोबतच्या
ई-वे बिलात आहे. संध्याकाळी ६ पर्यंत पोचेल.

> टेस्ट सर्टिफिकेट गाडीसोबत पाठवा.

ड्रायव्हरकडे दिलं आहे. पीडीएफही जोडली आहे.
```

जीमेलमध्ये हे कोन दिसत नाहीत, डाव्या बाजूला उभी रेघ दिसते. अर्थ तोच. रेघेच्या आत त्यांचं, बाहेर आपलं. आपलं उत्तर रेघेच्या आत गेलं तर दोघांचं बोलणं एकमेकांत मिसळतं. दोनदा एंटर मारूनही कर्सर आतच राहिला तर कर्सर तिथेच ठेवून Backspace दाबा, तो बाहेर येतो.

थंडरबर्डवाल्यांचं काम सोपं आहे. आलेल्या मेलमधला हवा तेवढा मजकूर आधी माउसने निवडायचा आणि मग रिप्लाय दाबायचा. फक्त निवडलेलाच भाग अवतरणात येतो. क्लासिक आउटलुकमध्ये शेपूट लपवलेलं नसतं, उघडंच खाली दिसतं, त्यामुळे Ctrl+Shift+End तिथे थेट चालतं. फोनवरही टिंबं दाबली की मजकूर उघडतो, पण बोटाने अकरा मेल निवडत बसणं म्हणजे शिक्षा. फोनवरून "मिळालं, उद्या बघतो" एवढंच लिहा आणि सविस्तर उत्तर टेबलावर बसून द्या. नव्या माणसाला फॉरवर्ड करायचं असेल तर फोनवरून करूच नका.

कापताना दुसऱ्याचं वाक्य मधूनच बदलायचं नाही. मधला भाग गाळला तर तिथे तीन टिंबं टाका. "२२ मिलिमीटर चालेल, पण पॅटर्नचा खर्च तुमचा" यातलं "पण"पासूनचं गाळून नुसतं "२२ मिलिमीटर चालेल" ठेवलं, तर त्याला कापणं म्हणत नाहीत. कन्नडमधून आलेल्या प्रश्नाचं वाक्यही मूळ कन्नडमध्येच ठेवा आणि उत्तर खाली लिहा. आपल्या शब्दांत त्याचा मराठी सारांश करून रेघेच्या आत घातला, तर ते वाक्य त्यांचं राहत नाही.

लांब शेपटाचा आणखी एक त्रास मराठीत लिहिणाऱ्यांना लवकर होतो. मेलचा मजकूर साधारण १०२ किलोबाइटच्या पुढे गेला की जीमेल तो मधेच कापतं आणि खाली "[Message clipped]" असं लिहितं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरी किंवा कन्नड लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात. त्यात प्रत्येक मेलच्या सजावटीचा अदृश्य कोड भर घालतो. त्यामुळे मराठी साखळी इंग्रजीच्या मानाने लवकर या मर्यादेला टेकते. कापला जातो तो तळचा भाग. उत्तर तळाशी लिहायची सवय असेल आणि वर अख्खी साखळी ठेवली असेल, तर नेमकं आपलं उत्तरच समोरच्याला दिसत नाही. "मेल अर्धाच आला" अशी तक्रार आली की आधी हे तपासा. आणि साखळीत १०० च्या वर मेल झाले की विषय तोच असला तरी जीमेल स्वतःच ती तोडून नवी सुरू करतं. "जुने मेल गायब झाले" म्हणणाऱ्याचे मेल बहुतेक वेळा आधीच्या तुकड्यात असतात.

कुठे कापायचं नाही

रिजेक्शनचा वाद डेबिट नोटपर्यंत गेला, कराची नोटीस आली, किंवा काम नव्या माणसाच्या हातात दिलं, की अख्खी साखळी लागते. पण तेव्हाही शेपूट वाढवत बसू नका. एकदा फॉरवर्ड झालेल्या मजकुरात मूळ माथ्यावरच्या ओळी नसतात, आणि मधे कुणी काही बदललं का ते कळत नाही. जीमेलमध्ये यादीतले हवे ते मेल निवडून राइट क्लिक करा आणि "Forward as attachment" घ्या. प्रत्येक मेल .eml फाइल होऊन मूळ रूपात जातो. वर चार ओळींत प्रकरण सांगा: कोणती पीओ, किती नग, कोणत्या तारखेला काय ठरलं, आता काय हवं. सीए असो की वकील, आधी त्या चार ओळीच वाचतो. फाइल त्याला शंका आली तरच उघडतो. यादी साखळीरूपात दाखवायचं चालू असेल तर आधी आतले मेल कोणते जाताहेत ते बघून घ्या, नाहीतर आपसातलं मराठी बोलणंही त्यात जाईल.

आणि कापलं म्हणजे पुरावा गेला अशी भीती बाळगू नका. आपण कापतो ते फक्त आपल्या नव्या मेलच्या तळातलं. आधीचे मेल आपल्या आणि त्यांच्या मेलबॉक्समध्ये जसेच्या तसे असतात, कुणी मुद्दाम डिलीट करेपर्यंत.